मुलाखतीच्या पुढच्या फेरीला नकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कामाचा असा एखादा तपशील कळतो की ही नोकरी आपल्याला झेपणार नाही, असं वाटू लागतं. पुढच्या फेरीचं निमंत्रण मात्र आलेलं असतं. इथली उत्तरं तेवढ्याच परिस्थितीसाठी आहेत. ऑफर हातात आल्यानंतर नकार देणं वेगळं, आणि ते इथे घेतलेलं नाही. बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण पुढे नेलं आहे: एका तांत्रिक टीममधली, रात्रीची ऑन-कॉल पाळी असलेली जागा. ऑन-कॉल म्हणजे सिस्टिममध्ये बिघाड झाल्याचा अलर्ट आला की कामाच्या वेळेबाहेरही तो उचलून दुरुस्तीला लागण्याची तयारी ठेवणं. तुमच्या बाबतीत अडचण ऑन-कॉलची नसून प्रवासाची, कराराची किंवा कामाच्या स्वरूपाची असेल. विचार करायची रीत तीच राहते.

एक तपशील खटकला म्हणून लगेच माघार घ्यावी का?

आधी तो तपशील कोणी सांगितला ते पाहा. रिक्रूटरकडे साधारणपणे जाहिरातीतला मजकूर आणि मॅनेजरने दिलेल्या चार ओळी असतात, त्यामुळे रोजच्या कामाबद्दल त्याचं बोलणं ऐकीव असतं. हायरिंग मॅनेजरला टीमची रचना आणि पुढच्या वर्षाचा बेत माहीत असतो, पण तो जागा भरायच्या घाईत असतो. ज्या सहकाऱ्यांसोबत काम करायचं, ते सांगतात ती परिस्थिती आजची असते. म्हणून एकाच गोष्टीबद्दल तिघांकडून तीन उत्तरं येतात आणि यात कोणी खोटं बोलत असेलच असं नाही.

दुसरं पाहायचं ते म्हणजे ती गोष्ट बदलू शकते का. पदाचं नाव, रुजू होण्याची तारीख, आठवड्यातून एखादा दिवस घरून काम अशा गोष्टी बोलून हलतात. टीममध्ये किती माणसं आहेत, पाळ्या कशा आहेत, काम कायमस्वरूपी आहे की कंत्राटी, पगार कोणाच्या खात्यातून निघतो, या गोष्टी एका उमेदवारासाठी हलत नाहीत. पहिल्या प्रकारातली गोष्ट खटकली असेल तर माघार न घेता ती बोलून पाहावी. दुसऱ्या प्रकारातली असेल तर खात्री करून घ्यावी आणि मग ठरवावं.

खात्री कशी करायची? प्रश्न विचारला तर आपण कुरकुर करतोय असं वाटणार नाही का?

प्रश्न मोजता येणाऱ्या गोष्टीबद्दल असला तर तसं वाटत नाही. ‘कामाचा ताण फार असतो का?’ याला ‘कधीकधी’ हेच उत्तर येणार, आणि त्यातून तुम्हाला काहीच कळणार नाही. त्याऐवजी आकडा मागा. आपल्या उदाहरणात उमेदवाराने रिक्रूटरला पाठवलेला ईमेल असा:

> नमस्कार, कालच्या बोलण्यात ऑन-कॉलचा उल्लेख झाला. गुरुवारच्या फेरीआधी त्याबद्दल तीन गोष्टी कळल्या तर बरं होईल. पाळीत सध्या किती जण आहेत? मुख्य माणसाबरोबर बॅकअपलाही कोणी असतं का? गेल्या महिन्यात रात्रीच्या वेळी साधारण किती अलर्ट आले? टीमकडून विचारून कळवलंत तरी चालेल.

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. उत्तर रिक्रूटरकडे नसतंच. ते त्याने टीमकडून आणून द्यायचं असतं. तशी मोकळीक दिली नाही, तर तो अंदाजाने काहीतरी कळवून टाकतो.

प्रश्न तीनच ठेवा. दहा प्रश्नांची यादी पाठवली की ‘हे सगळं पुढच्या फेरीत बोलू’ असं उत्तर येतं, आणि ते टाळण्यासाठीच तर तुम्ही लिहीत आहात.

मिळालेल्या उत्तरावरून जुळतं की नाही, हे कसं ठरवायचं?

उत्तराचं वर्षाच्या हिशेबात रूपांतर करा. मुलाखतीत ऐकलेलं वाक्य नेहमी सौम्य वाटतं, वर्षाचा हिशेब तसा वाटत नाही.

उदाहरणात मॅनेजर म्हणाला होता, ‘तुम्हाला धरून आपण तिघं असू, आठवड्याची पाळी फिरते.’ ऐकताना तीन आठवड्यांतून एक आठवडा असं वाटलं. वर्षाचे ५२ आठवडे भागिले तीन, म्हणजे सुमारे १७ आठवडे. रजा घेतली तरी हा वाटा कमी होत नाही, कारण तुम्ही नसताना टळलेली पाळी तुम्ही आल्यावर भरून काढावी लागते. चार आठवड्यांची रजा घेतली, तर उरलेल्या ४८ आठवड्यांत तेच १७ बसवायचे.

मग ईमेलला उत्तर आलं: बॅकअपला एक जण असतो आणि १५ मिनिटांत मुख्य माणसाने अलर्ट उचलला नाही, तर फोन बॅकअपला जातो. इथे हिशेब उलटला. दर आठवड्याला दोन माणसं अडकतात आणि माणसं आहेत तीन. म्हणजे प्रत्येक जण तीनपैकी दोन आठवडे या ना त्या नात्याने बांधलेला. वर्षाला जवळपास ३५ आठवडे. बॅकअपला फोन क्वचितच येत असेल, पण लॅपटॉप जवळ ठेवणं, नेटवर्कच्या बाहेर न जाणं ही बंधनं त्यालाही लागू असतात.

तुलनेला एक आधार घेता येतो. गूगलच्या साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग विभागाने २०१६ साली आपली कार्यपद्धती प्रसिद्ध केली. तीत मुख्य आणि बॅकअप असे दोघं नेहमी पाळीवर धरले, तर एकाच ठिकाणच्या टीममध्ये किमान आठ माणसं हवीत असं म्हटलं आहे. तेव्हा कुठे प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून एक आठवडा येतो. प्रत्येक कंपनीला आठ माणसं परवडत नाहीत हे खरं, पण तीन माणसांची टीम कुठे बसते हे या आकड्यावरून लगेच दिसतं.

आता आपली मर्यादा. ती उत्तर येण्याच्या आधी कागदावर लिहून ठेवलेली असावी. या उमेदवाराची मर्यादा होती वर्षाला १३ आठवडे, म्हणजे चार आठवड्यांतून एक. १३ आणि ३५ यांत इतकं अंतर आहे की पुढच्या फेरीत कितीही चांगल्या गप्पा झाल्या तरी ते मिटणार नाही. अंतर १३ आणि १७ असं असतं, तर बोलून पाहणं योग्य ठरलं असतं. मर्यादा आधी लिहिलेली नसली की ती आलेल्या उत्तराप्रमाणे सरकत जाते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

पुढची फेरी सरावासाठी देऊन टाकली तर काय बिघडलं?

पहिला फोन असेल तर फारसं काही बिघडत नाही. शेवटच्या फेऱ्यांचं तसं नसतं. चार जणांचं पॅनेल, प्रत्येकी तासभर आणि नंतर प्रत्येकाने लिहायचा अभिप्राय, एवढा वेळ तुमच्यासाठी काढलेला असतो. शिवाय निकाल लागेपर्यंत दुसऱ्या उमेदवाराला थांबवून ठेवलेलं असतं. त्यानंतर तुम्ही नकार दिलात आणि कारण दुसऱ्या फेरीपासूनच माहीत होतं हे बोलण्यात आलं, तर ते लक्षात राहतं. तुमची तयारी आणि रजाही जाते ती वेगळीच.

याला एक अपवाद आहे. पुढची फेरी जर अशा व्यक्तीबरोबर असेल जिच्या हातात ती अडचण सोडवण्याचा अधिकार आहे, तर जायला हवं. टीममध्ये माणसं वाढवायची की नाही हे विभागप्रमुख ठरवतो, आणि त्याचीच फेरी बाकी असेल, तर तिथे बोलण्यात अर्थ आहे. मात्र अडचण आधी कळवून जावं: ‘ऑन-कॉलच्या सध्याच्या रचनेत मला ही जागा घेणं शक्य नाही. त्यात बदलाचा विचार असेल तर या फेरीत त्याबद्दल बोलायला आवडेल.’ मग फेरी रद्द करायची की घ्यायची, हे त्यांनाही ठरवता येतं.

नकार कधी कळवायचा?

ठरलं की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. फेरीच्या किमान एक पूर्ण कामाचा दिवस आधी निरोप गेला, तर पॅनेलचा वेळ मोकळा होतो आणि ती वेळ दुसऱ्या उमेदवाराला देता येते. गुरुवारी सकाळी फेरी असेल, तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत ईमेल गेलेला बरा. शुक्रवारी रात्री पाठवून सोमवारी सकाळची फेरी रद्द होईल असं धरून चालू नका, कारण तो ईमेल सोमवारी फेरी सुरू झाल्यावरच वाचला जाण्याची शक्यता जास्त.

वेळ कमी उरला असेल तर आधी फोन, मग ईमेल. फोनवर दोन वाक्यं पुरतात: ‘उद्याच्या फेरीला मी येणार नाही. या जागेसाठीचा अर्ज मागे घेत आहे, सविस्तर ईमेल आता पाठवतो.’ फोन लागला नाही तर हेच व्हॉइसमेलवर किंवा मेसेजवर ठेवा. फोन केला म्हणून ईमेल टाळू नये, कारण नोंद ईमेलचीच राहते.

मुलाखत चालू असतानाच कळलं तर?

तिथे सांगता येतं. पण तपशील अगदी स्पष्ट असेल आणि तो समोरच्याने स्वतः सांगितला असेल तरच. ‘तुम्ही हे उघडपणे सांगितलंत ते बरं झालं. महिन्यातले १५ दिवस प्रवास मला शक्य नाही, त्यामुळे इथेच थांबलो तर तुमचाही वेळ वाचेल का?’ असं प्रश्नाच्या रूपात विचारलं, की समोरच्याला दुरुस्ती करायची संधी मिळते. कधीकधी तो म्हणतो की १५ दिवसांचा प्रवास दुसऱ्या पदासाठी आहे. थोडीही शंका असेल तर मुलाखत नीट पूर्ण करा आणि दुसऱ्या दिवशी लिहा.

ईमेल कोणाला पाठवायचा?

फेरीची वेळ ज्याने ठरवली त्याला. मॅनेजरने तुमच्याशी स्वतंत्रपणे ईमेलवर बोलणं केलं असेल, तर त्याला दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात; नसेल तर रिक्रूटर कळवतो.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर पहिला निरोप कन्सल्टन्सीला. परस्पर कंपनीला कळवलं की कन्सल्टन्सीतल्या माणसाची अडचण होते आणि तो तुम्हाला फोन करून विचारणारच. इथे एक धोका असतो. काही वेळा कन्सल्टन्सी नकार पुढे कळवतच नाही. ‘उमेदवार आजारी आहे, पुढची तारीख द्या’ असं सांगून तुमचं मन वळवण्यासाठी वेळ काढते. हे लक्षात कसं येतं? नकार दिल्यानंतरही फेरीचं नवं निमंत्रण येतं, किंवा जुनं रद्द होत नाही. तसं झालं तर कन्सल्टन्सीला ‘कंपनीला कळवलं असल्याची खात्री उद्या दुपारपर्यंत द्यावी’ असं लिहा. वेळ उलटली तर निमंत्रण ज्या पत्त्यावरून आलं तिथे एका ओळीत थेट कळवा आणि कन्सल्टन्सीला प्रत ठेवा.

नुसतं कॅलेंडरचं निमंत्रण नाकारलं तर पुरत नाही का?

नाही. निमंत्रण नाकारलं की बहुतेक रिक्रूटर ‘ही वेळ जमत नाही’ असा अर्थ घेतात आणि दुसरी वेळ पाठवतात. आधी ईमेल पाठवा, त्यानंतर निमंत्रण नाकारा. अर्जाच्या पोर्टलवर Withdraw Application किंवा तशा अर्थाचं बटण असेल तर ते सगळ्यात शेवटी दाबा. ते दाबल्यावर पुष्कळ ठिकाणी अर्ज बंद होतो आणि तुम्हाला स्वतःहून तो परत उघडता येत नाही. एकाच कंपनीत दोन जागांसाठी अर्ज केले असतील तर बटण कोणत्या अर्जाचं आहे ते दोनदा पाहा. हव्या असलेल्या जागेचा अर्ज चुकून मागे घेतला जाण्याचे प्रकार होतात.

कारण किती सांगायचं?

एक कारण, वस्तुस्थितीच्या रूपात, एका वाक्यात. ‘तीन जणांच्या पाळीत वर्षाला ३५ आठवडे ऑन-कॉल मला शक्य नाही’ ही वस्तुस्थिती झाली. ‘तुमची टीम फारच लहान आहे आणि माणसांवर अन्याय होतो’ हा शेरा झाला. दोन्हींत माहिती तीच आहे, पण पहिलं वाक्य रिक्रूटर जसंच्या तसं मॅनेजरला पाठवू शकतो. दुसरं त्याला गिळावं लागतं.

दोन-तीन कारणं दिली की वाद सुरू होतो. रिक्रूटर त्यातलं सगळ्यात हलकं कारण निवडतो आणि त्यावर उपाय सुचवतो, मग तुम्हाला बाकीच्यांचं समर्थन करत बसावं लागतं. खरं कारण ऑन-कॉलचं आणि तुम्ही सोबत ‘ऑफिसही जरा लांब पडतं’ असं लिहिलंत, तर उत्तर ऑफिसच्या अंतरावर येणार.

कारण न देण्याचाही हक्क आहे. ‘मिळालेल्या माहितीचा विचार करता ही भूमिका माझ्यासाठी योग्य नाही’ एवढं पुरतं. पण त्याच कंपनीत पुढे कधी दुसऱ्या जागेसाठी विचार व्हावा असं वाटत असेल, तर कारण दिलेलं फायद्याचं. ‘योग्य नाही’ वाचून तुम्हाला कंपनी नको की पद नको, हे कोणालाच कळत नाही.

ईमेलचा नमुना मिळेल का?

उदाहरणातल्या उमेदवाराचा पहिला मसुदा असा होता:

> आपला खूप खूप आभारी आहे. आपली कंपनी अतिशय नामांकित असून इथे काम करणं हे माझं स्वप्न होतं. परंतु काही वैयक्तिक अडचणींमुळे आणि ऑन-कॉलचं प्रमाण थोडं जास्त वाटल्यामुळे सध्या तरी पुढे जाणं कठीण वाटत आहे. कृपया समजून घ्यावे.

यात नकार कुठेच नाही. ‘सध्या तरी’ आणि ‘कठीण वाटत आहे’ वाचून रिक्रूटरला वाटतं की अजून बोलता येईल, आणि तो फोन करतो. ‘वैयक्तिक अडचणी’ लिहिलं की काळजीपोटी चौकशी होते. ‘थोडं जास्त’ म्हणजे थोडं कमी केलं की जमेल. स्वप्नाचं वाक्य तर नकाराच्या पत्रात विसंगतच दिसतं. सुधारलेला मसुदा:

> विषय: गुरुवारची फेरी – अर्ज मागे घेत आहे
>
> नमस्कार,
>
> ऑन-कॉलबद्दलची माहिती टीमकडून मिळवून दिल्याबद्दल आभार. पाळीत तीन जण आणि बॅकअप धरून वर्षातले सुमारे ३५ आठवडे बांधलेले राहतात, तेवढं मला शक्य नाही. त्यामुळे या जागेसाठीचा अर्ज मी मागे घेत आहे. गुरुवारची फेरी कृपया रद्द करावी.
>
> मॅनेजरांनी दुसऱ्या फेरीत कामाची मांडणी मोकळेपणाने सांगितली, त्यांनाही धन्यवाद कळवावेत. ऑन-कॉल नसलेली किंवा चार आठवड्यांतून एकदाच असलेली जागा निघाली, तर जरूर कळवा.

विषयाच्या ओळीतच नकार आहे, म्हणजे ईमेल उघडण्याआधी फेरी रद्द करता येते. ‘कळवा’ हे वाक्य खरोखर तसं वाटत असेल तरच ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी फोन येतो आणि पुन्हा नकार द्यावा लागतो. आतापर्यंतचं बोलणं ज्या भाषेत झालं त्याच भाषेत लिहा.

कोणत्या गोष्टी लिहू नयेत?

आजारपण, घरची जबाबदारी, गरोदरपण यांचा उल्लेख नको. नकार देण्यासाठी त्यांची गरज नसते, आणि लिहिलेलं कंपनीच्या नोंदीत राहतं. ‘मला शक्य नाही’ यामागे काय आहे हे सांगायला तुम्ही बांधील नाही.

मुलाखत घेणाऱ्याच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर ती नकाराच्या ईमेलमध्ये मिसळू नका. ती वेगळी, तारीख आणि बोललेल्या शब्दांसह, एचआरला लिहावी. दोन्ही एकत्र केलं की तक्रार ‘नोकरी नको होती म्हणून केली’ अशी वाचली जाते.

‘अहो, आम्ही बदल करतो, तुम्ही या तर खरं’ असा फोन आला तर?

येतोच बहुधा, विशेषतः तुम्ही शेवटच्या दोघांत असाल तर. तेव्हा तीन गोष्टी विचारा: नेमकं काय बदलणार, कधीपासून, आणि त्याला मंजुरी कोणी दिली आहे. उत्तर ईमेलवर मागा.

उदाहरणात उत्तर आलं, ‘चौथा माणूस घेत आहोत.’ पुन्हा तोच हिशेब करू. दर आठवड्याला दोन जण आणि एकूण चार माणसं, म्हणजे निम्मे आठवडे, वर्षाला २६. मर्यादा होती १३. म्हणजे आश्वासन पूर्ण पाळलं गेलं तरी जमत नाही. शिवाय ‘घेत आहोत’ याचा अर्थ जागा मंजूर झाली, माणूस निवडला की माणूस रुजू झाला, हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत. रुजू झाल्यावरही नवा माणूस लगेच एकट्याने पाळी घेत नाही. सिस्टिमची ओळख होईपर्यंत तो कोणासोबत तरी बसतो. ‘आणि चौथा माणूस म्हणजे मीच तर नाही ना?’ हाही प्रश्न विचारून घ्यावा. विनोदी वाटतो, पण रिकाम्या जागेची मोजणी अशी दोनदा झालेली आढळते.

बॅकअपची पद्धत बंद करणार असं उत्तर आलं असतं, तर आकडा १७ झाला असता. ते मात्र बसून बोलण्यासारखं होतं.

नकार कायम असेल तर दुसऱ्यांदा नवं कारण शोधू नका. ‘बदलाबद्दल कळवलंत, आभार. चार जणांतही ते प्रमाण माझ्या मर्यादेपेक्षा जास्त राहतं, त्यामुळे निर्णय तोच आहे.’ तिसऱ्यांदा फोन आला तर उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

ओळखीच्या माणसाने नाव सुचवलं होतं. त्याला काय सांगायचं?

कंपनीला ईमेल जाण्याआधी त्याला सांगा, त्याच दिवशी. नाहीतर मॅनेजर जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारतो आणि तो तोंडघशी पडतो. कारण तेच सांगा जे ईमेलमध्ये आहे. त्याला एक आणि कंपनीला दुसरं सांगितलं तर दोन्ही एकाच टेबलावर पोचतात. तो तिथेच काम करत असेल तर ऑन-कॉलचा खरा आकडा त्याच्याकडून आधीच मिळाला असता, हेही पुढच्या वेळी लक्षात ठेवण्यासारखं.

घरी करायची चाचणी दिली आहे, प्रवासाचं तिकीट कंपनीने काढलं आहे. त्याचं काय?

चाचणी सुरू केली नसेल तर करू नका, आणि अर्धवट असेल तर पाठवू नका. नकाराच्या ईमेलमध्ये ‘चाचणी सादर करणार नाही’ असं एक वाक्य घाला, म्हणजे तपासणारा वाट पाहत बसणार नाही. तिकीट किंवा हॉटेल कंपनीच्या नावे असेल तर बुकिंग क्रमांक देऊन रद्द करायला सांगा. स्वतः रद्द केलंत तर परतावा भलत्याच खात्यात जाऊ शकतो. गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल तर माघार घेतल्यावरही तो लागू राहतो. नकाराचं कारण बाहेर सांगताना टीमचे आकडे सांगू नयेत, ते यासाठीही.

दुसरी नोकरी हातात नाही. तरी नकार द्यावा का?

याला सरसकट उत्तर नाही. मर्यादा लिहिताना दोन ओळी लिहा: कायमसाठी काय चालेल, आणि एका वर्षापुरतं काय चालेल. ३५ आठवडे दुसऱ्या ओळीतही बसत नसतील तर पुढच्या फेरीत घालवलेले दिवस दुसऱ्या अर्जांना द्यावेत. बसत असतील तर माघार न घेणं हाही रास्त निर्णय आहे.

एक गोष्ट तपासाच: सरकारी बेरोजगारी भत्ता चालू असेल तर काही देशांत योग्य काम नाकारल्याची नोंद द्यावी लागते किंवा त्याचा भत्त्यावर परिणाम होतो. मुलाखतीतून माघार त्यात मोडते का, हे ईमेल पाठवण्याआधी संबंधित कार्यालयाकडून समजून घ्या.

नकार पाठवला, पण उत्तरच नाही. निमंत्रण अजून कॅलेंडरवर दिसतंय.

एक कामाचा दिवस थांबा. मग त्याच ईमेलवर एक ओळ: ‘गुरुवारची फेरी रद्द झाल्याचं कृपया कळवावं.’ फेरीच्या आदल्या दुपारपर्यंत हालचाल नसेल तर फोन करा. तुम्ही कळवूनही पॅनेल वाट पाहत बसलं, तर नोंद ‘उमेदवार आला नाही’ अशी होते, आणि ‘उमेदवाराने माघार घेतली’ या नोंदीपेक्षा ती पुष्कळ वाईट. रिक्रूटर नोकरी सोडून गेला असेल, रजेवर असेल. ईमेल वाचलाच गेला नाही हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं.

मन बदललं तर परत जाता येतं का?

एक-दोन दिवसांत, एकदाच, आणि काय बदललं ते सांगून. ‘पुन्हा विचार केला’ एवढ्यावर भागत नाही, कारण मग ऑफर दिल्यावरही तुम्ही असंच कराल अशी शंका येते. त्या वेळेत दुसऱ्याला बोलावलं असेल तर ‘नाही’ असं उत्तर येईल, त्यावर घासाघीस करू नये.

पुढच्या वेळी हे पहिल्याच फोनवर कसं कळेल?

जाहिरातीतले मोघम शब्द शोधा आणि त्यांचा आकडा विचारा. ‘गरजेनुसार ऑन-कॉल’ दिसलं तर पाळीत किती जण आणि बॅकअप आहे का. ‘थोडा प्रवास’ दिसला तर गेल्या तीन महिन्यांत या पदावरचा माणूस किती रात्री बाहेर होता. ‘वेगवान वातावरण’ दिसलं तर ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेलं म्हणून रिकामी झाली, आणि आधीचा माणूस किती काळ होता. रिक्रूटरला लगेच सांगता आलं नाही तरी चालेल. दुसऱ्या फेरीच्या आधी कळवायला सांगा आणि ते उत्तर आल्यावरच दुसऱ्या फेरीची वेळ पक्की करा.